गॅरंटर म्हणून सही केली, आता भाड्याच्या पलीकडचंही माझ्याकडून मागतायत. किती द्यावं लागेल?

प्रश्न: सर, मेहुण्याने कोथरूडला केक शॉपसाठी गाळा घेतला होता, १ जून २०२३ पासून ३६ महिने, त्यात २४ महिने लॉक-इन. भाडं ६० हजार अधिक जीएसटी, दरवर्षी ५ टक्के वाढ, डिपॉझिट ३ लाख ६० हजार. करारात मी गॅरंटर म्हणून सही केली. त्यात लिहिलंय की 'परवानाशुल्क व या करारान्वये परवानाधारकाकडून देय होणाऱ्या इतर सर्व रकमांची हमी' मी घेतो. धंदा बसला, ऑगस्ट ते ऑक्टोबर २०२४ चं भाडं थकलं, ३१ ऑक्टोबरला त्याने शॉप बंद करून चावी दिली. पण ओव्हन आणि काउंटर डिसेंबरअखेर आतच होते. सप्टेंबरमध्येच मी मालकांना मेसेज केला होता की मला यातून मोकळं करा. १ मार्च २०२५ पासून तिथे मोबाईलचं दुकान लागलंय, भाडं ६५ हजार. आता मला वकिलाची नोटीस: थकलेलं भाडं, उरलेल्या सात महिन्यांचं लॉक-इन, दोन महिन्यांचं दुप्पट भाडं, दुरुस्ती २ लाख १० हजार, लाइट बिल ४८ हजार, वकील फी ५० हजार. डिपॉझिट म्हणून फक्त २ लाख ६० हजार वजा केलेत, कारण १ लाख जुलैमध्येच मेहुण्याला परत दिले म्हणे. एकूण ९ लाख ६४ हजार. मला वाटलं होतं गॅरंटी म्हणजे भाड्याची. हे सगळं खरंच माझ्या गळ्यात आहे का?

उत्तर:

सगळं नाही, पण 'फक्त भाडं' असंही नाही. माझ्या हिशोबाने तुमचा आकडा दोन लाख चाळीस हजारांच्या आसपास येतो, आणि तो कसा येतो ते नीट बघा कारण नोटिशीला उत्तर देताना हाच हिशोब लागणार आहे.

आधी एक गैरसमज बाजूला करू. मालकाचे वकील नोटिशीत हमखास भारतीय करार कायद्याचं, म्हणजे १८७२ च्या कॉन्ट्रॅक्ट अॅक्टचं कलम १२८ टाकतात, की जामीनदाराची जबाबदारी मूळ देणेकऱ्याइतकीच असते. बरोबर आहे, पण लोक ते वाचून घाबरतात आणि समजतात की मेहुण्याने जे जे काय करायला हवं होतं ते सगळं आपल्यावर आलं. तसं नाहीये. त्याच्या आधी कलम १२६ आहे, ते सांगतं की गॅरंटी म्हणजे तिसऱ्या माणसाचं वचन त्याने मोडलं तर ते पुरं करायचा किंवा त्याचं देणं फेडायचा करार. म्हणजे पहिला प्रश्न हा, की त्याच्या कुठल्या वचनाची गॅरंटी तुम्ही घेतली. ते वचन ठरलं की मग त्या वचनापुरतं तुमचं आणि त्याचं देणं सारखं, हा १२८ चा अर्थ. शिवाय त्याच कलमात पुढे आहे की करारात वेगळं ठरवलं असेल तर ते चालेल. त्यामुळे गॅरंटी कुठवर जाते याचं उत्तर ऐंशी टक्के तुम्ही सही केलेल्या एका वाक्यात असतं.

माझ्या पाहण्यात ही वाक्यं साधारण तीन जातीची असतात. पहिली जात, 'परवानाशुल्क न भरल्यास हमीदार भरेल', एवढंच. त्यात भाडं आलं, ठरलेली दरवर्षीची वाढ आली, त्यावर जीएसटी करारात भाड्याबरोबर द्यायचा असेल तर तोही बहुधा आला, आणि बस. गाळ्याची भिंत फोडली ती त्यात येत नाही. तिसरी जात म्हणजे 'करारातील सर्व अटी व शर्तींच्या पालनाची हमी', हिच्यात जवळपास सगळं येतं, जागा नीट ठेवणं, वेळेवर रिकामी करणं, सोसायटीचे नियम, परवान्याशिवाय काही न करणं, आणि यातली कुठलीही अट मोडल्यावर मालकाचं जे नुकसान होईल ते. तुमचं वाक्य मधल्या जातीचं आहे, 'करारान्वये देय होणाऱ्या इतर सर्व रकमा'. हे भाड्यापेक्षा मोठं आहे पण 'सर्व अटी' पेक्षा लहान आहे. प्रत्येक मागणीला एकच प्रश्न विचारायचा, की ही रक्कम करारातल्या कुठल्या कलमाने मेहुण्याला देणं भाग होतं. कलम दाखवता आलं तर ती तुमच्याकडे येते, नाही दाखवता आलं आणि मालक नुसतं 'माझं नुकसान झालं' म्हणत असेल तर ती मेहुण्याकडे मागायची, तुमच्याकडे नाही. जामीनदाराला त्याच्या शब्दांच्या पलीकडे ओढायचं नाही ही कोर्टांची जुनी भूमिका आहे, संदिग्ध शब्द असतील तर तुमच्या बाजूने युक्तिवादाला जागा राहते.

(आणि हो, सही कुठे आहे तेही एकदा बघून घ्या. रजिस्टर केलेल्या करारात साक्षीदाराच्या रकान्यात सही असेल तर तुम्ही साक्षीदार, गॅरंटर नाही. घाईत कोण कुठे सही करतं हे कोणी बघत नाही. तुम्ही वाक्य कोट केलंय म्हणजे बहुतेक गॅरंटरच आहात.)

आता एकेक रक्कम.

थकलेलं भाडं सरळ आहे. जून २०२४ पासून ५ टक्के वाढ धरून महिना ६३ हजार, तीन महिन्यांचे १ लाख ८९ हजार, त्यावर १८ टक्के जीएसटी ३४,०२०, मिळून २,२३,०२०. इथे वाद घालण्यात अर्थ नाही. ५ टक्के वाढ मला माहीत नव्हती असं म्हणू नका, ती तुमच्या सहीच्या कागदातच आहे. फक्त जीएसटीची इन्व्हॉइस मागा, मालकाने इन्व्हॉइस काढलंच नसेल तर तो १८ टक्के कशाच्या नावाने मागतो हे त्याने सांगावं.

लाइट बिल पण बहुतेक येतं. करारात 'वीजबिल परवानाधारकाने भरावे' असतंच, म्हणजे करारान्वये देय रक्कम. पण बिलाचा काळ बघा. ३१ ऑक्टोबरला मीटरचं रीडिंग घेतलं होतं का, चावी देताना फोटो काढला का? तिथपर्यंतचं बिल मेहुण्याचं, पुढचे स्थिर आकार वगैरे वेगळे काढता येतात. मी हिशोबात पूर्ण ४८ हजार धरतोय, कमी झालं तर बरंच.

खरा मोठा आकडा लॉक-इनचा. सात महिने गुणिले ६३ हजार, ४ लाख ४१ हजार. इथे दोन पायऱ्या आहेत आणि लोक पहिलीवरच अडकतात. पहिली पायरी, हे गॅरंटीत येतं का. करारातल्या लॉक-इनच्या कलमात नुसतं 'लॉक-इन काळात सोडता येणार नाही' असेल तर ती एक अट आहे, देय रक्कम नाही, आणि तुमच्या वाक्यात ती बसत नाही असं म्हणता येतं. पण बहुतेक छापील मसुद्यात पुढचं वाक्य असतं, 'सोडल्यास उर्वरित लॉक-इन काळाचे परवानाशुल्क देणे बंधनकारक राहील'. ते असेल तर ती करारान्वये देय रक्कम झाली आणि तुम्ही अडकलात. मी तुमच्याकडे ते वाक्य आहे असं धरून चाललोय कारण असतंच, कागद काढून बघा.

दुसरी पायरी, आली तरी किती. कलम ७४ म्हणतं की करार मोडल्यावर द्यायची रक्कम आधीच लिहून ठेवली असली तरी कोर्ट वाजवी भरपाई देतं, आणि लिहिलेला आकडा ही तिची वरची मर्यादा. २०१५ च्या कैलाशनाथ असोसिएट्स विरुद्ध डीडीए या निकालात सुप्रीम कोर्टाने हे नीट मांडलंय, नुकसान झालंच नसेल तर भरपाईचा पाया उरत नाही. आणि कलम ७३ च्या शेवटी जे स्पष्टीकरण आहे ते अजून उपयोगी, नुकसान मोजताना ते कमी करायचे जे मार्ग हाताशी होते ते विचारात घ्यायचे. साध्या भाषेत, मालकाने गाळा रिकामा ठेवून सात महिन्यांचं भाडं जमा करत बसायचं नाही, दुसरा भाडेकरू शोधायचा. त्याने शोधलाही, १ मार्चपासून ६५ हजाराने. म्हणजे मार्च, एप्रिल, मे या तीन महिन्यांत त्याचं नुकसान शून्य, उलट महिना दोन हजार जास्तच मिळतायत. त्या तीन महिन्यांचं भाडं मेहुण्याकडूनही आणि मोबाईलवाल्याकडूनही असं दोनदा घेता येणार नाही. राहिले नोव्हेंबर, डिसेंबर, जानेवारी, फेब्रुवारी. एवढ्या भागात दुसरा भाडेकरू मिळायला चार महिने लागले हे कोर्टाला अवाजवी वाटेल असं मला वाटत नाही, त्यामुळे तिथे फार ताणू नका. आणि मोबाईलवाल्याच्या कराराची प्रत मिळवा, रजिस्टर असणारच, इंडेक्स टू सहज काढता येतो, तुमच्या बाजूचा सगळ्यात भक्कम कागद तोच आहे.

आता गंमत बघा. मालकाने नोव्हेंबर-डिसेंबरसाठी दुप्पट भाडं वेगळं मागितलंय, १ लाख २६ हजार महिना, दोन महिन्यांचे २ लाख ५२ हजार. आणि लॉक-इनचे जे सात महिने मोजलेत त्यात नोव्हेंबर-डिसेंबर आधीच आहेत! म्हणजे त्या दोन महिन्यांसाठी तिप्पट भाडं झालं. हे नोटिशीत फार वेळा होतं, वकील प्रत्येक कलमाचा आकडा वेगळा काढतो आणि कोणी कॅलेंडरवर ठेवून बघत नाही. तुम्ही एक कागद घ्या, त्यावर महिने लिहा आणि प्रत्येक महिन्यापुढे मालक किती मागतोय ते लिहा, दुहेरी मोजणी लगेच दिसते.

दुप्पटचं कलम मुळात तुमच्या केसला लागतं का हाही प्रश्न आहे. ते साधारण असं असतं, 'मुदत संपल्यावर किंवा करार संपुष्टात आल्यावर जागेचा ताबा न दिल्यास दुप्पट'. मेहुण्याने चावी दिली, मालकाने घेतली, मग आत ओव्हन आणि काउंटर राहिले. याला ताबा न देणं म्हणायचं का? मालक म्हणेल जागा अडकली होती. वाद होऊ शकतो. पण माझं मत असं की त्याचा निकाल काहीही लागला तरी दंडासारखी दुप्पट रक्कम कलम ७४ च्या चाळणीतून तशीच्या तशी जात नाही, वाजवी भरपाई म्हणजे त्या काळाचं साधं भाडं. ते आपण लॉक-इनच्या चार महिन्यांत धरलंच आहे. चार महिने गुणिले ६३ हजार, २ लाख ५२ हजार, आणि इथे नोव्हेंबर ते फेब्रुवारीचा हिशोब संपला.

घराच्या भाडेकरारात मात्र हे वेगळं असतं, आणि मुलाच्या फ्लॅटला गॅरंटर राहणाऱ्या आईवडिलांनी हे लक्षात ठेवा. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ चं कलम २४ राहण्यासाठी लीव्ह अँड लायसन्सवर दिलेल्या जागेला आहे, मुदत संपूनही जागा सोडली नाही तर तिथे दुप्पट दराने नुकसानभरपाई कायद्यातच लिहिलीय, ती केवळ करारातली अट नाही. तुमचा गाळा व्यावसायिक, त्यामुळे मालकाला हे कलम २४ वापरता येणार नाही, त्याला करारातल्याच शब्दांवर उभं राहावं लागेल. जाता जाता, तुम्ही याला लीज म्हणा किंवा लीव्ह अँड लायसन्स, गॅरंटरच्या हिशोबाला फरक कमी पडतो, कारण गॅरंटी दोन्हीकडे कॉन्ट्रॅक्ट अॅक्टनेच चालते.

दुरुस्ती. २ लाख १० हजार. तुम्ही आकडा दिला पण यादी दिली नाही, म्हणून मी अशा केकशॉपमध्ये नेहमी जे निघतं ते धरून सांगतो. मागच्या भिंतीला एक्झॉस्टसाठी मोठं भोक, सिंकची ड्रेनेज लाइन फरशी फोडून नेलेली, शटर वाकलेलं, हे मेहुण्याने केलेलं नुकसान. आणि मग पूर्ण रंगकाम, सगळी फरशी बदलणं, नवीन फॉल्स सीलिंग, हे मालकाचं नूतनीकरण. वापराने होणारी साधी झीज भाडेकरूच्या माथी मारता येत नाही. लीजच्या बाबतीत मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम १०८ मध्येच ते आहे, आणि लायसन्सच्या करारात 'नैसर्गिक झीज वगळता' हे शब्द जवळपास नेहमी असतात. त्यात तुमच्याकडे अजून एक जोरदार मुद्दा आहे, मोबाईलवाल्याने मार्चमध्ये आपलं इंटिरियर केलं असणार, काच, लाइट, फ्लोअरिंग सगळं. मग मालकाने ती फरशी आणि रंग प्रत्यक्षात कधी केला? इस्टिमेट नको, बिलं दाखवा म्हणा, पेमेंट केलेली बिलं, तारखेसह. नुसत्या कॉन्ट्रॅक्टरच्या लेटरहेडवरच्या अंदाजपत्रकावर नुकसान सिद्ध होत नाही.

ही रक्कम गॅरंटीत येते का तर त्याचंही कलम बघायचं. करारात 'नुकसान झाल्यास त्याचा खर्च परवानाधारक देईल' असेल तर येते. 'मालक डिपॉझिटमधून वळता करेल' एवढंच असेल तर मी म्हणेन की ती डिपॉझिटपुरती आहे, त्यापलीकडे गॅरंटरवर येत नाही. हिशोबासाठी भिंत, ड्रेनेज, शटर मिळून ७५ हजार धरू, बाकी १ लाख ३५ हजार बिलांशिवाय नाकारा.

वकील फी ५० हजार. करारात 'वसुलीचा सर्व कायदेशीर खर्च परवानाधारकावर' असं स्पष्ट वाक्य असेल तर मागता येते, नसेल तर खर्च किती द्यायचा हे दावा झाला तर कोर्ट ठरवतं, नोटीस पाठवली म्हणून आपोआप पैसे लागत नाहीत. मी शून्य धरतोय.

आता डिपॉझिट, आणि इथेच तुमचा सगळ्यात चांगला मुद्दा आहे जो नोटीस लिहिणाऱ्याने बहुतेक त्याचा अर्थ न कळल्यामुळे उघड लिहून टाकलाय. मालकाने जुलै २०२४ मध्ये १ लाख मेहुण्याला परत दिले. तुम्हाला विचारलं होतं का? नाही. कलम १४१ सांगतं की गॅरंटी घेताना मालकाकडे मूळ देणेकऱ्याचं जे तारण आहे त्याचा फायदा जामीनदाराला मिळतो, जामीनदाराला ते माहीत असो नसो, आणि मालकाने ते गमावलं किंवा जामीनदाराच्या संमतीशिवाय सोडून दिलं तर तेवढ्या किमतीपुरता जामीनदार मोकळा होतो. डिपॉझिट हे तारणच आहे, त्याच कामासाठी तर ठेवतात. मालकाने माणुसकीने दिले असतील, मेहुणा अडचणीत होता, कळतं. पण ती माणुसकी तुमच्या खिशातून करता येत नाही. त्यामुळे मेहुण्यासमोर डिपॉझिट २ लाख ६० हजार, तुमच्यासमोर मात्र पूर्ण ३ लाख ६० हजार वजा करायचे.

एवढं धरून बेरीज करा. भाडं जीएसटीसह २,२३,०२०. लाइट ४८,०००. लॉक-इनचे चार महिने २,५२,०००. दुरुस्ती ७५,०००. एकूण ५,९८,०२०. त्यातून ३,६०,००० गेले, राहिले २,३८,०२०. मालकाचे ९,६४,०२० आणि हे २,३८,०२०, यातला फरक हा काही मालक लबाड आहे म्हणून नाही, प्रत्येक ओळ वेगळी मोजली आणि नवीन भाडेकरू हिशोबात धरलाच नाही म्हणून. मेहुण्याचा स्वतःचा आकडा ३,३८,०२० येईल, कारण तो लाख त्याला मिळालाय.

सप्टेंबरच्या मेसेजबद्दल. कलम १३० मध्ये चालू राहणारी गॅरंटी पुढच्या व्यवहारांपुरती नोटीस देऊन मागे घेता येते असं आहे, म्हणून तुम्हाला वाटतंय की ऑक्टोबरपासून मी सुटलो. त्यावर फार भरवसा ठेवू नका. ते कलम एकामागून एक नवे व्यवहार होत असतात त्याला आहे, दुकानदाराने उधारीवर माल देत राहावा आणि तुम्ही गॅरंटर असावं, तिथे तुम्ही म्हणू शकता की उद्यापासून माझ्या नावावर देऊ नका, आणि दुकानदार थांबू शकतो. इथे मालकाने १ जून २०२३ लाच २४ महिन्यांसाठी बांधून घेऊन गाळा देऊन टाकला, तुमच्या मेसेजवर तो काही थांबवू शकत नव्हता. मालकाचा वकील हेच म्हणेल आणि तो मुद्दा वजनदार आहे. त्यात पुन्हा करारात 'हमी रद्द करता येणार नाही' असं लिहिलं असेल तर विषयच संपला, सीता राम गुप्ता केसमध्ये २००८ साली सुप्रीम कोर्टाने कलम १३० चा हक्क करारानेच सोडलेला असेल तर तो नंतर मागता येत नाही असंच म्हटलं. मेसेजचा स्क्रीनशॉट ठेवा, ३१ मे २०२५ नंतर काही मागितलं तर उपयोग होईल.

मेसेजपेक्षा जास्त कामाचं शोधायचं असेल तर मेहुण्याला बसवून हे विचारा: दोन वर्षांत मालकाबरोबर तोंडी किंवा व्हॉट्सअॅपवर काही बदललं का? मागची मोकळी जागा वाढवून भाडं वाढवलं, पोटभाडेकरू ठेवू दिला, केकऐवजी हॉटेल करायला परवानगी दिली, असं काही. कलम १३३ प्रमाणे तुमच्या संमतीशिवाय मूळ कराराच्या अटीत बदल झाला तर बदलानंतरच्या देण्यातून जामीनदार सुटतो. सगळ्याच बदलांना हे लागत नाही, तुमच्या फायद्याचा किंवा किरकोळ बदल असेल तर कोर्ट दुर्लक्ष करू शकतं, पण भाडं वाढवणं किरकोळ नाही. असा एखादा मेसेज निघाला तर वरचा सगळा हिशोबच पलटू शकतो कारण तुमची सगळी थकबाकी ऑगस्ट २०२४ पासूनची आहे. तसंच मालकाने थकलेल्या भाड्याला तुम्हाला न विचारता हप्ते ठरवून मुदतवाढ दिली असेल, म्हणजे तसा करारच केला असेल, तर कलम १३५ येतं. पण मालक नुसता गप्प बसला, वसुली केली नाही, याने तुम्ही सुटत नाही, ते कलम १३७ स्पष्ट सांगतं. 'आधी मेहुण्यावर केस कर मग माझ्याकडे ये' हेही मालकाला सांगता येणार नाही, करारात तसं लिहिलं असल्याशिवाय. बँक ऑफ बिहार विरुद्ध दामोदर प्रसाद, १९६९, तेव्हापासून हे पक्कं आहे, तो सरळ तुमच्यावर येऊ शकतो.

मुदत संपल्यावरचं एक राहिलं, तुमच्या केसला नाही लागत पण बरेच जण विचारतात. मूळ ३६ महिने संपून मालक आणि भाडेकरूने नवीन करार केला आणि त्यावर गॅरंटरची सही नाही, तर नव्या मुदतीच्या भाड्याला जुनी गॅरंटी पुरत नाही. मात्र जुन्या कागदात 'नूतनीकरण व मुदतवाढीसह' हे तीन शब्द घुसवलेले असतील तर चित्र बदलतं, आणि हे शब्द आजकाल बिल्डर आणि मॉलवाल्यांच्या मसुद्यात सर्रास असतात, सही करताना तेवढे खोडून घ्यावेत.

आता करायचं काय. नोटिशीतल्या मुदतीत वकिलामार्फत उत्तर द्या, त्यात वरचा महिनावार तक्ता, कलम १४१ चा मुद्दा, आणि बिलं, इन्व्हॉइस, नव्या कराराची प्रत यांची मागणी. फोनवर किंवा मेसेजवर 'बघतो, थोडे थोडे देतो' असं काही लिहू नका, देणं मान्य केल्याचा लेखी पुरावा होतो आणि मुदत कायद्याच्या कलम १८ प्रमाणे मुदतही नव्याने सुरू होऊ शकते. तडजोडीला मालक तयार असेल, बहुतेक होतात, तर दोन-सव्वादोन लाखाला बसून संपवा, पण कागदावर 'पूर्ण व अंतिम' आणि तुमची गॅरंटी संपल्याचं स्पष्ट लिहून घ्या, आणि मेहुण्यालाही त्याच कागदावर सहीला बसवा.

मेहुण्याची सही का, तर नंतर त्याच्याकडून वसूल करायचं असेल म्हणून. नात्यात हे बोलायला जड जातं मला माहीत आहे. कलम १४५ तुम्हाला त्याच्याकडून भरलेले पैसे परत मिळवून देतं, पण फक्त तेवढेच जे गॅरंटीखाली रीतसर देणं होतं. जे द्यायची गरजच नव्हती ते तुम्ही घाबरून दिलं तर ते त्याच्याकडे मागता येत नाही. समजा उद्या कटकट नको म्हणून तुम्ही ९ लाख ६४ हजारांचा चेक दिलात, तर मेहुणा म्हणू शकतो की दोन लाख अडतीस हजार माझ्याकडून घ्या, बाकी तुमचं तुम्ही बघा, आणि कायद्याने तो बरोबर असेल.